आर्वीहून आणलेलं पनीर

माझा मित्र आणि मी वर्ध्याच्या एका कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो आणि दुपारी डबे एकत्र उघडतो. तो रोहण्याच्या बौद्ध कुटुंबातला; मी आंजीच्या किराणा दुकानदाराच्या घरचा. मी मांस-मासे खात नाही. त्याच्या डब्यात तसलं काही असलं की तो झाकण अर्धं उघडून "हे तुह्यं नाई" म्हणतो आणि चटणीची डबी माझ्याकडे सरकवतो. इतकी वर्षं ही व्यवस्था चोख चालली. ती डब्यापुरतीच होती, हे त्याने घरी जेवायला बोलावलं तेव्हा लक्षात आलं.

"मटण तर होईनच," तो म्हणाला. "पाहुणा येऊन राह्यला अन् मटण नाई, हे आईले पटत नाई. तू खाजो नको. पण मायसमोर तोंड वाकडं करजो नको."

तोंडाचं मी पाहून घेणार होतो. काळजी वेगळी होती. मटण नको म्हणणं सोपं असतं. पण माझ्यासारख्या घरातल्या माणसाने त्यांच्यासारख्या घरात नको म्हटलं, की त्या शब्दामागे फार जुनी माणसं येऊन उभी राहतात. 'आमच्यात चालत नाही' हे वाक्य त्याच्या आईंनी लहानपणी पुष्कळ दारांतून ऐकलं असणार, आणि तेव्हा ते मटणाबद्दल नव्हतं. म्हणून वाटेतच ठरवलं, 'आमच्यात' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'मी खात नाही' एवढंच म्हणायचं. त्यात माझ्या पोटाशिवाय दुसरं कोणी सापडत नाही.

घरी पोचल्यावर मित्राच्या आईंनी स्वतः पाण्याचा पेला आणून दिला आणि समोरच उभ्या राहिल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पेल्याकडे बघत होत्या. मी सगळं पाणी प्यालो आणि आणखी मागितलं. तहान खरोखरच लागली होती, हे माझं नशीब.

पानं मांडली. मित्रासमोर स्टीलचं ताट आलं, रस्सा वाफाळत होता. माझ्यासमोर आली खणाखणांची कागदी थाळी, आणि तिच्या शेजारी झाकणं चिकटवलेले प्लास्टिकचे डबे.

"तुमच्यासाठी आर्वीहून बोलावलं," आई म्हणाल्या. "शुद्ध शाकाहारी हॉटेल हाये. आमच्या चुलीले काहीच लागलं नाई. पनीर हाये, पुलाव हाये. बेफिकीर जेवा."

मी मित्राकडे पाहिलं. तो मान खाली घालून भाकर मोडत होता. "मले सकाळीच समजलं," एवढंच पुटपुटला.

यामागची गोष्ट त्यानेच मला पूर्वी सांगितली होती. मागे त्यांच्या शेजारच्या घरी काही पुढारी 'एकत्र भोजना'ला आले होते. सतरंज्या आल्या, पत्रावळी आल्या, सीलबंद पाणी आलं, जेवण आलं, फोटो काढणारा आला. घरमालकाचं त्यात घर तेवढं होतं. त्याच्या बायकोने केलेलं वरण झाकलेलंच राहिलं. सगळे गेल्यावर तिने ते घरच्यांना वाढलं. आईंनी हे दारातून पाहिलं होतं. मोठ्या जातीचा माणूस घरी जेवतो तो कसा, एवढंच त्यांना त्यावरून कळलं होतं, आणि त्याप्रमाणे त्यांनी माझी सोय केली होती. फोटोवाला तेवढा राहून गेला.

ते पनीर मी मुकाट्याने खाल्लं असतं, तर सगळे हसतमुखाने उठले असते आणि मी त्या घरी जेवलो नसतो.

"आई, हे डबे तुमच्या लेकाला द्या," मी म्हटलं. "तुमच्या हातचं काय आहे?"

"माझ्या हातचं मटण हाये."

"ते मी खात नाही. लहानपणापासून सवयच नाही. दुसरं काय आहे?"

त्या आत जाऊन एक पातेलं घेऊन आल्या. "अंबाडीची भाजी हाये. माझ्यासाठी केलती." आणि पळी भरून माझ्या थाळीवर आणली.

मी थाळीवर हात धरला. ताटात पडलेलं टाकण्यापेक्षा पळी अडवलेली बरी. पण अडवलेली पळी हवेत फार वेळ दिसते, हे त्या दिवशी कळलं.

"वास छान आहे. यात काय काय घालता?"

"काय घालन? डाळ, कण्या, मिरची, लसूण." त्या थांबल्या. "अन् चवीपुरते झिंगे. सुके."

"मग राहू द्या, आई. मी मासळीही खात नाही. पण आंबट भाजीत झिंगे लागतात कसे?"

"तव्यावर भाजाचे. मुंडकं-पाय तोडून टाकाचे, नाई तं किचकिच लागते. मंग चुरून फोडणीत." पळी पातेल्यात परत गेली. "खात नाई तं विचारून काय राह्यले?"

"खात नाही म्हणून विचारायचं पण नाही का?"

"विचारा ना बावा, विचारा." आणि मग जरा वैतागून, "पण खासान काय? चटणी-भाकर? लोक मले काय म्हणतीन?"

"पिठलं कर ना आई," रश्श्यातून मान वर काढत मित्र म्हणाला.

"तू चूप बस. पनीर खा."

त्या उठल्या, फळीवरून कढई काढली आणि ती हातात घेऊनच माझ्यासमोर आल्या. "हे पाहा. घासलेली हाये. पण सांगून ठेवतो, मटण याच्यातच शिजते. चालन का?"

हा प्रश्न मी विचारला नसता. भांड्यांची चौकशी म्हटली की त्या जुन्या माणसांची रांगच उभी राहते. त्यांनी तो स्वतःच विचारला आणि खरं ते आधी सांगितलं. शुद्ध शाकाहारी हॉटेलातल्या कढईचं पूर्वायुष्य मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, मीही कधी विचारलेलं नाही.

"कढई चालेल," मी म्हटलं. "रश्श्यातली पळी तेवढी तिच्यात घालू नका."

"तेवढं समजते मले," त्या म्हणाल्या. पण पहिल्यांदाच हसल्या.

पिठलं झालं, घट्ट आणि हिरव्या मिरचीने पेटलेलं. आईंनी कागदी थाळी उचलून मला स्टीलचं ताट दिलं. ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, वर कच्चं तेल. मी पहिल्यांदा वाढलेलं सगळं संपवलं आणि पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा वाढू लागल्यावर 'पुरे' म्हटलं तेव्हा कोणी वाईट वाटून घेतलं नाही. दोनदा हो म्हटल्यावर नाही म्हणण्याचा हक्क मिळतो. मित्राने पनीर संपवलं. ते गोड होतं म्हणे.

निघताना मी आईंना आंजीला जेवायला बोलावलं.

त्या पदराला हात पुसत राहिल्या. "तुमची आई वाढन?"

"ती कांदा-लसूण कमी घालते, सोवळं-ओवळं थोडं पाळते. काय म्हणेल ते आज सांगत नाही. विचारून सांगतो."

'हो, अगदी आनंदाने' म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या, असं मला अजून वाटतं.

"विचारजा," त्या म्हणाल्या. "अन् येईन तं आधीच सांगतो, कोहळ्याची भाजी करू नका म्हणा. मी खात नाई."

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"काऊन म्हंजे? आवडत नाई."

घरी येऊन माझ्या आईला आमंत्रणाचं आणि कोहळ्याचं सांगितलं. तिने आधी "कोण लोक?" विचारलं. मी सांगितलं. तिने तांदळाचं ताट पुढ्यात ओढून निवडायला घेतलं.

"कोहळं नाही," ती म्हणाली, "तर मग वांगं चालतं का त्यांना? विचारून ये."