हात ओट्यावरचा

सकाळीच ऊन तापलं होतं आणि हवा हलत नव्हती. चंद्राने रात्रीच्या पाहुण्यांचे टोप घासून पालथे घातले, दूध तापायला ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. कालच वास्तुशांत झाली. लग्नापासून निजामपुऱ्यात भाड्याच्या खोल्या बदलत आलेल्या चंद्राचा हा स्वतःचा फ्लॅट. कापडाच्या लूमवरची रात्रपाळी करून आलेला नवरा, मोरू, आत घोरत होता.

मुलगी उन्नती मोबाईल घेऊन शेजारी टेकली. "आई, स्टेटसला फोटो टाकते. खाली लिवलंय बघ, 'स्वप्नातलं घर, हक्काचं घर!'"

"मी कुठं स्वप्नात व्हती? मी गोडाऊनला पॅकिंगला व्हती."

"मग 'कष्टाचं चीज'?"

"ते तुझ्या मावशीनं टाकलंय. फोटो कुठला?"

उन्नतीने दाखवला तसं चंद्राचं तोंड उतरलं. नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं असतं. सगळे टोपाभोवती उभे, साय वर आली, आणि चंद्राचा हात आपसूक गेला नि गॅस बंद! भटजीसुद्धा हसले होते. पुन्हा पेटवून दूध उतू घालवलं, पण फोटो नेमका पहिल्या वेळचा.

"ह्यो नको गं. कमळाकाकू बघंल."

कमळाकाकू म्हणजे शेवटची घरमालकीण. दूध ठेवलं की तिची हाक ठरलेली, "चंद्रा, ओटा जपून हां!" डाग पडला तर डिपॉझिटमधून कापायची. त्या हाकेने चंद्राच्या हाताला वळण लावलं होतं.

"पण याच फोटोत तू खरी दिसतेस," उन्नती म्हणाली. "बाकीच्यात नुसती साडी दिसते. सांग, हात का गेला तुझा? तेच लिहू. पण थोडक्यात, लांबलचक कोण उघडून वाचत न्हाय."

चंद्राने गॅसवरच्या टोपाकडे नजर टाकली. काल सगळे "आता सुटलीस" म्हणत होते आणि तिला नुसती झोप येत होती. मग एकेक शब्द आठवावा तशी बोलत गेली, उन्नती टाइप करत गेली:

'भाड्याच्या ओट्यावर कधी दूध उतू जाऊ दिलं न्हाय. काल पण हात गॅसवर गेला. ओटा आमचा हाय, हाताला अजून कळायचंय.'

"लोक हसतील?" उन्नतीने विचारलं.

"हसूंदे. खरं हाय ते. टाक."

स्टेटस गेलं. थोड्याच वेळात मोबाईलवर कमळाकाकूचा व्हॉइस मेसेज आला, "चंद्रे, एवढी वरडायची का गं मी? नवा ओटा दाखव की, येते एक दिवस."

"ये म्हणावं," चंद्रा म्हणाली. "चहा पाजते. सांडला तरी चालंल."

तेवढ्यात टोपात दूध सळसळलं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि वेळेत गॅस बंद केला.

"आई! आता तर आपलाच ओटा ना?"

"दूधबी आपलंच हाय, बाय," ती म्हणाली. टोपावर झाकण ठेवलं आणि फडकं पिळून कालच्या हळदीकुंकवाचे डाग पुसायला बसली.