चाळिसाच्या वर काही नाही

रेश्मा वाळंजला कॉलेजात सगळे रेश्माताई म्हणत. प्राचार्यसुद्धा. वय चौतीस, पण मुलं काय नि मास्तर काय, तिच्यापुढे आले की सगळे शाळकरी व्हायचे. पौडजवळच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती नऊ वर्षं परिचर होती, तीही कंत्राटावर. दर जूनला नवा कागद, जुनाच पगार. पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, हे संगणकाला विचारण्यापेक्षा तिला विचारणं बरं. ती हातातलं काम न सोडता सांगायची, "तिसरं कपाट, खालचा कप्पा, डावीकडनं पाचवं. पाठीला वाळवी लागलीया, जपून काढा."

बारावी झाली आणि लग्न होऊन ती माले गावात आली. नवरा कैलास टँकर चालवायचा, पुण्यालगतच्या सूसच्या सोसायट्यांना पाणी पोचवायचा. दोघांचं मिळून भागत होतं. पण 'कायम' हा शब्द घरात कधी आलाच नव्हता.

तो यायची वेळ आली. संस्थेनं ठराव केला की ग्रंथालय सहायकाची एक जागा तीन वर्षांनी कायम भरायची. रेश्माताईंना पहिला मान. अट दोन ओळींची होती. पदवी हवी, आणि शेवटच्या वर्षाला पन्नास टक्के. रेश्मानं त्याच कॉलेजात कला शाखेला नाव घातलं. सकाळी तास, दुपारपासून नोकरी. पहिली दोन वर्षं निघाली. तिसऱ्या वर्षाला आठ पेपर होते, प्रत्येकी शंभराचे. आठशेत चारशे हवे होते.

तिला धास्ती एकाच विषयाची. इंग्रजी.

इंग्रजीचे निषाद सर तिशीतले. हुशार. ग्रंथालयात यायचे ते पुस्तकासाठी, आणि थांबायचे ते गप्पांसाठी. ती पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत असायची आणि सर कविता समजावून सांगायचे. घरी जाऊन ती कैलासला म्हणायची, "त्या मानसाच्या तोंडातनं इंग्रजी बी मराठीवानी कळतंया बघ."

"मग त्यालाच बसीव की पेपरला," कैलास म्हणायचा.

डिसेंबरच्या सराव परीक्षेत तिला इंग्रजीत तेहतीस पडले. पास व्हायला चाळीस लागत. ती घाबरली, पण खचली नाही. पहाटे उठून वाचायला लागली.

एप्रिलात परीक्षेला चार दिवस उरले होते. भर दुपारी सर आले. खुर्ची ओढून बसले.

"रेश्माताई, एक सांगू? इंग्रजीला बसू नका."

"म्हणजे?"

"आत्ता बसाल तर काठावर अडकाल. नापासाचा शिक्का बसेल. गैरहजर राहिलात तर काहीच बसत नाही. जुलैत पुरवणी परीक्षा असते. मधे दोन महिने मी स्वतः शिकवतो. सत्तर काढाल."

"असं चालतं, सर?"

"मी सांगतोय ना."

यावर तिनं काही विचारलं नाही. ज्यानं कविता शिकवली तो खोटं कशाला शिकवेल?

पेपरच्या दिवशी ती ग्रंथालयात कपाटं पुसत होती. घंटा झाली, पेपर सुरू झाला. तिच्या वर्गातली दिशा, वीस वर्षांची पोर, पेपर देऊन धावत आली. "ताई, तू कुठं होतीस? सोप्पा होता गं! त्या दोन्ही कविता आल्या होत्या, तू मला समजावलेल्या."

रेश्मा हसली. "मी जुलैत देणार हाय."

जूनमध्ये निकाल लागला. सात पेपरांचे मिळून तीनशे बावन्न. म्हणजे इंग्रजीत अठ्ठेचाळीस आले की झालं. तिला हायसं वाटलं. इतिहासात बेचाळीसच मिळाले होते, फेरतपासणी करावी असं एकदा मनात आलं. पण अठ्ठेचाळीस म्हणजे काय मोठं? तिनं तो अर्ज भरला नाही. पंधरा दिवसांची मुदत निघून गेली.

सरांनी आठ दिवस शिकवलं. मग त्यांना कसल्याशा समितीचं काम लागलं. कॉलेजच्या दारावर फलक लागला: इंग्रजी विभाग, तृतीय वर्ष, निकाल शंभर टक्के. तो बांधताना दोरीचं एक टोक रेश्मानंच धरलं होतं. ती एकटीच अभ्यास करत राहिली. जुलै उजाडेपर्यंत जुने पाच पेपर सोडवून झाले होते. दिशानं ते तपासले. अडुसष्ट, सत्तर, बाहत्तर.

परीक्षेच्या दोन दिवस आधी ती प्रवेशपत्र घ्यायला परीक्षा विभागात गेली. तिथं वाल्मीकदादा बसायचे. वीस वर्षं तिथंच कारकून, तोंडाचे फटकळ.

"काय रेश्मे, झाला का अभ्यास?"

"सत्तर काढते बघा, दादा."

वाल्मीकदादांनी चष्मा कपाळावर चढवला. "कशाला?"

"कशाला म्हंजी? अठ्ठेचाळीस हवेत मला."

"अगं, ही पुरवणी हाय. हिथं चाळीसच्या वर काय मिळत न्हाई."

ती हसली. तिला वाटलं, दादा थट्टा करतायत.

त्यांनी कोरा कागद ओढला. "ऐक. पस्तीसच्या खाली गेलीस तर नापास. पस्तीस ते एकोणचाळीस पडले, तर तुझा एकच पेपर राहिलाय म्हणून वरचे गुण कॉलेज देतंय आणि चाळीस करतंय. चाळीस आले तर चाळीस. आणि त्याच्या वर पन्नास आण, सत्तर आण, शहाण्णव आण, गुणपत्रिकेवर चाळीसच. पस्तीसवाली आणि शहाण्णववाली एकाच पंगतीत. पुरवणी पास व्हायला असती, टक्केवारी वाढवायला न्हाई."

तिनं कागदाकडे पाहिलं. दादांनी खाली लिहिलं होतं, तीनशे बावन्न अधिक चाळीस. तीनशे ब्याण्णव.

"आठ कमी," ती म्हणाली.

"आठ कमी."

"आणि परत दिला तर? पुढच्या वर्षी?"

"पास झालेला पेपर परत देता येत न्हाई आपल्याकडं. आणि नापास होऊन दिलास तरी चाळीसच. पहिली बारी एकदाच असती. ती गेली एप्रिलात."

"सर म्हणाले, बसलीस तर शिक्का बसेल."

दादा हळू म्हणाले, "कसला शिक्का? एप्रिलात बसली असतीस आणि तीस पडले असते, तरी आज तू हिथंच असतीस. हाच पेपर, हेच चाळीस. आणि पास झाली असतीस तर जितके पडले तितके सगळे तुझे. बसण्यात तुझं जायचं काय होतं गं?"

काहीच नव्हतं. तिला ते तिथं उभ्या उभ्या कळलं.

"मग मला का बसू दिलं न्हाई?"

वाल्मीकदादांनी खिडकीबाहेर बघितलं. "निकालाची टक्केवारी बसलेल्यांवर काढत्यात. गैरहजर मोजत न्हाईत. तुझ्यासकट चारजण गैरहजर हुते त्या पेपरला. चौघंबी सराव परीक्षेत नापास."

"सरांना हा नियम माहीत नसंल."

ती असं म्हणाली खरी. दादा उठले. त्यांनी कपाटातून सूचना वही काढली आणि फेब्रुवारीचं पान उघडलं. पुरवणी परीक्षेचे नियम, सगळ्या प्राध्यापकांनी वाचून सही करावी. सहाव्या ओळीत निषाद सरांची सही होती, खाली लफ्फेदार रेघ.

ती वही रेश्माला ओळखीची होती. त्या दिवशी शिपाई रजेवर होता, म्हणून तीच ती घेऊन सगळ्या विभागांत फिरली होती. सरांनी सही केली तेव्हा तिनंच पान दाबून धरलं होतं. सूचना मास्तरांसाठी होती. तिनं वाचली नव्हती.

सर विभागात एकटेच होते.

"या रेश्माताई. तयारी झाली?"

"सर, पुरवणीत चाळीसच मिळतात."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हो. म्हणजे, तसा नियम आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बघा, तुम्हाला सरावात तेहतीस होते. तुम्ही नापास झाला असता तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं. मला तुमची पदवी महत्त्वाची वाटली. पदवी तर मिळतेच आहे ना?"

"मला पन्नास टक्के हवे होते. तुम्हाला सांगितलं होतं."

"ते माझ्या लक्षातून गेलं."

ती आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं असावं. तिला स्वतःलाही वाटलं होतं. पण तिला एवढंच सुचलं, "चौघांना तुम्ही एकच सांगितलंत, का प्रत्येकाला वेगळं?"

सरांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

घरी कैलास संतापला. "मी बघतो त्या मास्तराकडं."

"काय बघशील? त्यानं कुटं लिहून दिलंय?" ती म्हणाली. "सांगितलं त्यानं. ऐकलं मी."

"मग पेपरला जाऊच नगंस."

"पदवी बी सोडू व्हय? तीन वर्षं घातल्यात मी."

ती गेली. हॉलमध्ये अकराजण होते. प्रश्न पाच, कोणतेही चार सोडवा, प्रत्येकी पंचवीस गुण. चौथा प्रश्न कवितेचा होता. ती कविता सरांनी तिला सगळ्यात आधी समजावली होती. ती तिला पाठ होती. त्यावर चार पानं तिनं झोपेतही लिहिली असती.

तिनं पहिले तीन प्रश्न लिहिले, नीट, एकही ओळ न खोडता. मनात हिशेब केला. निम्म्याहून बरे दिले तरी चाळीस होतात. दीड तास उरला होता. चौथ्या प्रश्नाचा आकडा तिनं समासात घातला, खाली रेघ मारली आणि उठली. पर्यवेक्षिका म्हणाल्या, "अहो, वेळ आहे अजून."

"झालं माझं," रेश्मा म्हणाली.

परीक्षा कॉलेजच घ्यायचं, त्यामुळे पेपर सरांकडेच तपासायला गेले. वर नाव नसतं. पण नऊ वर्षं ग्रंथालयाच्या कार्डांवर तिचंच अक्षर होतं, ते कॉलेजात कोण ओळखणार नाही? आठवड्यानं सर ग्रंथालयात आले. कुणी नाही असं बघून टेबलाशी उभे राहिले.

"कवितेचा प्रश्न कोरा सोडलात. तो तर तुम्हाला येत होता."

"तिथंवर सत्तेचाळीस झाले का, सर?"

"अठ्ठेचाळीस."

तिचा हात चिठ्ठीवर थांबला. एप्रिलात हेच अठ्ठेचाळीस पुरले असते. मग तिनं चिठ्ठी पुस्तकाच्या पाठीवर दाबून बसवली.

"मग आठ वायाच गेले की. ते कुणाच्या उपयोगाचे?"

सर तिथंच घुटमळले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. तिनं पुढचं पुस्तक ओढून घेतलं.

ऑगस्टमध्ये गुणपत्रिका आली. इंग्रजी चाळीस. एकूण तीनशे ब्याण्णव. एकोणपन्नास टक्के. संस्थेला तिनं अर्ज दिला, सगळं लिहून. उत्तर आलं की अटीत बदल करता येत नाही. जागेची जाहिरात निघाली. गणपतीआधी जान्हवी नावाची मुलगी रुजू झाली, पंचविशीची, चांगली, जरा बुजरी.

पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी रेश्माला बोलावलं. "रेश्माताई, हिला सगळं दाखवा. कुठं काय आहे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

रेश्मानं किल्ल्यांचा जुडगा उचलला. "चल," ती जान्हवीला म्हणाली, आणि पहिलं कपाट उघडलं.