उजवीकडे कापलेला शब्द

वडगावातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी एकटी राहते. माझे वडील, आप्पा, गेल्यावर खालचा मजला भाड्यानं दिला, तिथं चार यंत्रमाग चालतात. दिवसभर खडखडाट असतो, त्यामुळं घरात बोलायला कुणी नाही हे फारसं जाणवत नाही. पोटासाठी मी पायथनमध्ये कोड लिहिते. कंपनी पुण्याची, काम कंत्राटी. जिच्याशी रोज संबंध येतो त्या सहकारी मुलीला मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ती काम टाकते, मी ‘झालं’ म्हणून कळवते, ती अंगठ्याचं चित्र पाठवते. दिवसाचं संभाषण आटोपलं.

त्या दिवशी तिनं एक स्क्रीनशॉट पाठवला. घरपोच औषधं पाठवणाऱ्या एका दुकानाचं काम होतं. त्यांचं सॉफ्टवेअर पार्सलवाल्याच्या सॉफ्टवेअरला विचारतं, कुणाचं पार्सल कुठवर आलं, आणि तिकडून एपीआयचं उत्तर येतं. ते उत्तर वाचून, ज्यांचं औषध पोचलेलं नाही अशांची यादी करणारा कोड मला लिहायचा होता. यादीत नाव आलं की दुकानातून फोन जाणार होता. नाव आलं नाही, तर कुणी विचारणार नव्हतं. गिऱ्हाईक बहुतेक म्हातारी माणसं, निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडची. मूळ उत्तर मिळत का नाही म्हणून विचारलं, तर परवानगी यायला वेळ लागेल, तोवर चित्रावरून लिहा, असं कळलं.

चित्र फोनवरचं होतं. मी ते मोठं करून एकेक ओळ वाचली. गिऱ्हाईकाचा क्रमांक "00417" असा अवतरणात होता, म्हणजे ती अक्षरं. त्याचा आकडा केला तर पुढची शून्यं उडतील, म्हणून तसाच ठेवला. किती वेळा माणूस दारात जाऊन आला ते "2" हेही अवतरणातच, पण ते मोजायचं होतं, म्हणून त्याचा आकडा केला. एका नोंदीत last_attempt, म्हणजे शेवटची खेप, त्यासमोर null होतं, म्हणजे अजून कुणी गेलेलंच नाही. तिथं कोड अडकू नये म्हणून तशी नोंद सरळ यादीत घातली. इथवर माझ्यावर मीच खूश होते.

last_attempt च्या पोटात आणखी एक खण होता, result नावाचा. आत आत जाताना ओळी उजवीकडे सरकतात, आणि चित्र उजवीकडे कापलेलं. दिसत होतं ते एवढंच: "result": "deliver

पुढचं काहीच नाही.

आता आमच्या सीमाभागातल्या माणसाला अर्धं झाकलेलं वाचायचं कुणी शिकवावं लागत नाही. इथल्या पाट्यांवर कधी या भाषेवर डांबर बसतं, कधी त्या. निम्मी पाटी काळी असली तरी आम्ही दुकानाचं नाव पुरं वाचतो आणि आत जाऊन सामान घेऊन येतो. लहानपणी शाळेच्या वाटेवर आम्हा पोरींची त्यावर शर्यत लागायची आणि मी बहुतेक वेळा जिंकायचे. deliver च्या पुढं ed असणार, पोचलं, यात मला शंकाच आली नाही. उलट मी शहाणपणा केला. उरलेलं दिसत नाही ना, मग पूर्ण शब्दाशी जुळवायलाच नको. startswith("deliver") असं लिहिलं. deliver नं सुरू होणारं काहीही असलं, तर पार्सल पोचलं समजायचं आणि नाव यादीतून गाळायचं.

खरं सांगायचं तर विचारायचं मनात आलं होतं. ‘उजवीकडचं कापलंय, पुन्हा पाठवतेस का’ एवढं टाइपसुद्धा केलं होतं. पण सकाळचा माझा एक प्रश्न तिनं वाचून तसाच ठेवला होता. आपण फार विचारतो असं वाटायला नको, म्हणून पुसून टाकलं. माणसात राहिलेलं माणूस असं मागंपुढं पाहत नाही. मला मात्र हल्ली पाणीवाल्याला फोन करायचा तरी आधी वाक्य जुळवावं लागतं.

चार दिवसांनी तिचाच फोन आला. पहिल्यांदाच. आवाज मी समजले होते त्यापेक्षा कोवळा निघाला. ती म्हणाली की पोचलं नाही तर तिथं delivery_failed येतं, आणि तेही माझ्या कोडनं पोचलेल्यात धरलंय. सात माणसं यादीत आलीच नव्हती.

“ताई, शब्द कापलेला दिसत होता, तर विचारलं का नाही तुम्ही?” तिनं विचारलं.

मी चुकले म्हटलं. ओळ बदलली, बरोबर delivered असेल तरच गाळायचं, अनोळखी काहीही आलं तर नाव यादीत ठेवायचं. दहा मिनिटांचं काम. मग ती म्हणाली की दुकानात आज माणूस कमी आहे, तुम्हाला तिकडचं बोलणं येतं, तर सातजणांना तुम्हीच फोन कराल का? नंबर कंपनीच्या ॲपमध्ये येणार होते. त्यातून लावलेल्या फोनवर समोरच्याला आपला नंबर दिसत नाही.

सहाजणांनी गावातल्या दुकानातून औषध आणलं होतं. त्यातल्या दोघांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. सातवे निपाणीचे एक आप्पा. रक्तदाबाच्या गोळ्या. घंटा पुरी वाजायच्या आत त्यांनी फोन उचलला.

“आप्पा, तुमच्या गोळ्या आल्या न्हाईत, व्हय?”

“न्हाय आल्या. हुत्या त्या अर्ध्या अर्ध्या करून घेतल्या चार दिस.”

चूक माझी आहे, मी सांगितलं. त्यांना कोड कळला नाही, पण एकटी बाई घरी बसून काम करते एवढं कळलं. जेवण केलंस का, विचारलं. मग चक्कर येते का, डॉक्टरला दाखवा, हे मी बोलले आणि त्यांनी ‘बघतो’ म्हणून बाजूला सारलं. मंडळी गेल्याला तीन वर्षं झाली, पोरगा लांब असतो, असं सांगत राहिले. मी घड्याळ पाहिलं नाही. उद्या सकाळी गोळ्या नक्की येतील, असं मी त्यांना सांगितलं.

“मग उद्या फोन कर. आल्या का इचारायला,” ते म्हणाले.

“करते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोड चालवला. निपाणीच्या आप्पांच्या 00417 समोर delivered आलं होतं, पुरं, शेवटच्या अक्षरापर्यंत. म्हणून त्यांचं नाव यादीतून गळलं, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याचा नंबर ॲप दाखवत नाही. आदल्या दिवशीचे नंबर नियमाप्रमाणे संध्याकाळीच पुसले गेले होते. सहकारी मुलीला लिहिलं, एका आजोबांना फोन करायचा होता. या वेळी पुसलं नाही, पाठवलं. गोळ्या पोचल्यात ना, मग नंबर देता येत नाही ताई, असं तिचं उत्तर आलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

माझा नंबर मी त्यांना सांगू शकले असते. कागद-पेन घ्या आप्पा, एवढंच म्हणायचं होतं. ते मला सुचलं नाही. निपाणीत ते फोन जवळ घेऊन बसले असतील, आणि गोळ्या तर केव्हाच आल्या होत्या.