सोडून दिलेली तेजी

नवरा गेल्यानंतरच्या वर्षी मी धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे सरकीची तेजी लावली. जळगावातली आमची तेलगिरणी दोन भावांची होती. निम्मी आमची, निम्मी दिराची. दीर पाचोऱ्याकडे शेती बघत आणि महिन्यातून एकदा येऊन हिशेब ऐकत. नवरा असताना हे जमत होतं. नंतर मी हिशेब सांगायची आणि ते भिंतीकडे बघून ऐकायचे.

दूधसंघाला उन्हाळाभर पेंड पुरवायचं काम मी घेतलं होतं. पेंडेचा भाव आधीच ठरलेला, त्यात एक पैसा वाढवून मिळणार नव्हता. त्या पेंडेसाठी सरकी लागणार आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर. पौषात सरकी साडेचारशे रुपये क्विंटल होती. तेव्हाच सगळी भरून ठेवायला पैसा नव्हता आणि गोदामही नव्हतं. थांबावं तर उन्हाळ्यात सरकी चढते, हे गिरणीतल्या मांजरालाही ठाऊक असतं. पाचशेच्या वर गेली असती तर गिरणी बंद करून किल्ली दिरांच्या हातात द्यावी लागली असती, आणि ते त्याचीच वाट बघत होते असं मला तेव्हा वाटे.

धुळ्याचे दलाल नाना नवऱ्याच्या ओळखीचे. त्यांनी तेजी सुचवली. सहाशे क्विंटल सरकी, भाव साडेचारशे, मुदत आखाजीच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी मी ‘घेते’ म्हटलं, तर व्यापाऱ्याने त्याच भावात द्यायची, बाजार कुठेही असो. नको असेल तर ‘सोडली’ म्हणायचं आणि उठायचं. या सोयीसाठी क्विंटलमागे बारा रुपये आधी द्यायचे, त्याला नजराणा म्हणत. तो परत मिळत नाही आणि मालाच्या किमतीत धरलाही जात नाही. महिन्याच्या मुदतीला व्यापारी पाच रुपयांतही तयार होता. मुदत लांब म्हणून बारा. असल्या सौद्यांना कायद्याची बंदी होती. कागद नसे, सगळं दलालाच्या जिभेवर चाले.

सात हजार दोनशे रुपये दिले. दिरांना सांगितलं, पण त्यांनी एवढंच ऐकलं की वहिनीने धुळ्याला सरकी ठरवून पैसे दिले.

फाल्गुनात भाव चारशे नव्वदवर गेला. दीर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, “बरं केलं, ठरवून ठेवलं ते.” मग गुजरातेतून माल आला आणि भाव घसरत घसरत चारशे दहावर येऊन बसला. आखाजी तोंडावर आली. गल्लीत माहेरवाशिणी उतरू लागल्या, झाडांना झोके बांधले गेले. मी एकटीपुरत्या दोन पोळ्या करून घेत होते, तेव्हा दीर आले.

“उद्या मुदत आहे, धुळ्याला जातो,” ते म्हणाले. “माल उचलतो म्हणून सांगून येतो.”

“भाऊजी, माल उचलायचा नाही. बाजारात चारशे दहाला मिळतोय.”

“भाव पडला म्हणून इसार देऊन फिरायचं? आपल्या घरात असं कधी झालं नाही.”

“हा इसार नाही. इसार दिला की आपण बांधले जातो. इथे फक्त तो बांधलेला आहे. आपण मोकळे राहावं, याचेच पैसे दिलेत.”

“पैसे घेतले त्याने आणि बांधलेलाही तोच? वहिनी, मी शेतकरी आहे, खुळा नाही.”

मी गणित मांडलं. क्विंटलमागे चाळीस रुपये जास्त, सहाशे क्विंटलचे चोवीस हजार. हंगामभर गिरणीने तेवढेच कमावले होते. ते म्हणाले, “जातील. नाव राहील.” त्यांना चोवीस हजारांची हौस नव्हती. मेलेल्या भावाचं नाव सांभाळतोय असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि मी ते घालवायला निघालेली बाई होते. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. अशा माणसाशी काय भांडणार?

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीने मीही निघाले. एस.टी. बायकांनी आणि पिशव्यांनी भरलेली. ते पुढे बसले, मी मागे. एरंडोल गेलं, पारोळा गेला, त्यांनी मान वळवली नाही.

पेढीवर व्यापारी लोडाला टेकून बसला होता, नाना कोपऱ्यात सुपारी कातरत होते. दिरांनी टोपी नीट केली आणि उभ्यानेच सांगितलं, “आमचा सहाशे क्विंटल माल आम्ही उचलतो. साडेचारशेनेच.”

व्यापारी सरळ बसला. चाळीस रुपये जास्त देऊन माल न्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याने बहुधा कधी पाहिलं नसावं. त्याने ‘ठीक’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. त्याने माझ्याकडे बघितलं.

नानांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. “शेठ, तेजी अक्कानी शे. बोलनं बी तिनंच शे.”

“सोडली,” मी म्हणाले.

“सोडली,” व्यापारी म्हणाला आणि पाणी मागवलं. सौदा संपला.

दीर अजून उभेच होते. “मग यांनी पैसे कशाचे खाल्ले?”

“भीतीचे, भाऊ,” व्यापारी हसून म्हणाला. “फाल्गुनात भाव चारशे नव्वदवर गेला तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. सहाशेवर गेला असता तरी मला साडेचारशेनेच द्यावी लागली असती. मला नाही म्हणायची सोय नव्हती. अक्कांना होती. ती फुकट कोण देईल?”

“आणि भाव पडला तर तुमचं काय जातं?”

“काहीच नाही. नजराणा माझा. पण चढला असता तर माझं किती गेलं असतं, याला तळ नव्हता. अक्कांचे जास्तीत जास्त क्विंटलमागे बारा रुपये.”

“बठ्ठं आधीच ठरेल व्हतं, भाऊ,” नाना म्हणाले. “कोणाचा शब्द मोडेल नई.”

दिरांनी पाण्याला हात लावला नाही. बाहेर येऊन म्हणाले, “तुम्हा तिघांचं ठरलेलं होतं. मला कशाला आणलंत?” मी त्यांना आणलं नव्हतं, पण ते बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांना चूक कळली होती आणि ती परक्यांसमोर कळली होती. चोवीस हजार वाचल्याचा आनंद त्यात कुठे बसणार?

त्यांनी परतीची गाडी माझ्यासोबत घेतली नाही, धुळ्यात कोणाला तरी भेटायचं आहे म्हणाले. मी जळगावला आले. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी चारशे दहाने सरकी घेतली. नजराणा धरून चारशे बावीस पडली. दूधसंघाची पेंड वेळेवर गेली आणि गिरणी चालू राहिली.

दीर हिशेब ऐकायला पुन्हा आले नाहीत. त्यांचा वाटा मी मनिऑर्डरने पाठवू लागले, पोचपावतीवर त्यांची सही येई. पुढच्या वर्षी पुन्हा तेजी लावली. त्या वर्षी सरकी पाचशे वीसला गेली. मी धुळ्याला जाऊन ‘घेते’ म्हटलं आणि साडेचारशेने माल उतरवून घेतला. नानांनी पेढा दिला. तो पदरात बांधून घरी आणला, ताटलीत ठेवला, आणि जेवण झाल्यावर मीच खाल्ला.