कंबरेचा पट्टा

ही गोष्ट मी आजवर बायकोला सांगितली नाही, आईला नाही, बरोबर जेवणाऱ्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरी येणार नाही. बस, एवढंच कारण. मन मोठं वगैरे झालंय असं समजू नका.

मी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर गोदामात टॅली क्लार्क आहे. कंटेनर उघडला की खोकी मोजायची, फुटलेली वेगळी लिहायची, सील नंबर ताडून बघायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. दिवसभर उन्हात उभं राहणं असतं, पण ओझं उचलायचं काम माझं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाच वाजता गेटबाहेर आमचा चौघांचा अड्डा. दोन वडापाव, वर एक प्लेट कांदाभजी, आणि चहा — तो असा गोड की चमचा उभा राहावा. दुपारी एकला डबा खाल्लेला, मधे काहीच नाही, पाण्याची बाटलीसुद्धा अर्धी तशीच. मग पाचला पोटात आग पडायची आणि मी तुटून पडायचो. खाल्ल्यावर अर्धा तास राजा. बाइकवर गाणी म्हणत निघायचो. आणि घर येईपर्यंत — सगळं उतरलेलं. डोळे जड, पोटात दगड, जिभेवर तेल. उंबऱ्यात रसिका उभी असायची. आठ वर्षांची माझी पोर. तिच्या मागे स्वराज, तीन वर्षांचा.

'बाबा, चल ना, कबड्डी.'

एवढंच मागायची ती. आमच्या गावात पोरगी चालायला लागली की कबड्डीच्या मैदानावर लोळते, त्यात नवल काही नाही. पण रसिकाचा पाय वेगळाच होता. चढाईला गेली की मोठ्या मुलींच्या हाताला लागायची नाही. ती मला नवीन शिकलेलं दाखवायला थांबलेली असायची. आणि मी? मी कॉटवर पडायचो.

एकदा गोदामात एक खोकं सरकवताना कंबरेत चमक भरली. खरीच भरली. तीन दिवस दुखली, चौथ्या दिवशी गेली. त्या तीन दिवसांत मात्र मला एक शोध लागला — 'कंबर दुखते' म्हटलं की घरात कुणी काही मागत नाही. आळशी म्हणत नाही. उलट बायको तेल गरम करून आणते, पोरं हळू बोलतात. तुम्ही असतात तर चौथ्या दिवशी खरं सांगितलं असतंत? कदाचित सांगितलंही असतंत. मी नाही सांगितलं.

मी मेडिकलमधून कंबरेचा पट्टा आणला. तो बाइकच्या डिकीत असायचा. गावाच्या वळणावर, खाडीच्या बांधाशी गाडी थांबवायची, शर्ट वर करायचा, पट्टा आवळायचा आणि मग घरी जायचं. दोन वर्षं, रोज. हसू येतंय ना? मलाही तेव्हा यायचं. अस्मिता, म्हणजे माझी बायको, पाण्याचे हंडे एकटी उचलायची. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. रसिका कळशी घ्यायची. स्वराज माझ्या अंगावर चढायला आला की तीच त्याला ओढून न्यायची. 'बाबाची कंबर हाय, न्हाय चढायचं.' ती म्हणायची आणि मी डोळे मिटून ऐकायचो.

मग कंपनीत तपासणीचं शिबिर लागलं. वजन वाढलेलं, साखर काठावर. तिथे आहार सांगणारी एक बाई होती, तरुणच. तिने मला दिवसभरात काय खातो ते विचारलं आणि संध्याकाळचं ऐकून पेन खाली ठेवलं. म्हणाली, पाव मैद्याचा, चहात साखर, दोन्हींची रक्तात लगेच साखर होते, म्हणून तुम्हाला तरतरी वाटते. मग ती तितक्याच झपाट्याने उतरते आणि माणूस गळतो. वर तळलेलं पोटात तासन्तास बसून राहतं. त्यामुळे रात्री जेवण उशिरा, झोपेत आंबट ढेकर, सकाळी भूक नाही, मग न्याहारी नाही, आणि पाचला पुन्हा तीच आग. 'तुम्ही थकत नाही आहात, तुम्ही रोज स्वतःला थकवताय,' असं ती म्हणाली. मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतोच.

पण करून बघितलं. रात्री मूठभर हरभरे भिजत घालायचे, सकाळी मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या. डब्यात कोरडे न्यायचे. कांदा-टोमॅटो आधी मिसळला तर आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत आंबतात, पहिल्याच आठवड्यात दोनदा फेकून दिले. म्हणून कांदा, लिंबू तिथेच चिरायचं. पांढऱ्या कांद्याच्या दिवसांत तर मजाच. उन्हाळ्यात उकडलेलं टिकत नाही, तेव्हा भाजलेले चणे, शेंगदाणे आणि एखादं केळं. कधी मोड आलेल्या वालाची उसळ, पण ती ऑफिसच्या फ्रिजमध्ये जागा मिळाली तरच. आणि खायचं पाचला नाही, चारला — आग पडायच्या आधी. बरोबर पाणी. चहा एकच, अर्धा चमचा साखरेचा.

पहिले आठ दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, गेटबाहेरच्या तेलाचा वास आला की पाय वळायचे. मित्र म्हणायचे, 'घोड्याचा खुराक चालू केला काय रे?' कुणी सांगतं तसा चमत्कार वगैरे झाला नाही. पण चणे हळूहळू पचतात, त्यांची साखर हळूहळू मिळते, तिसऱ्या आठवड्यात ते कळलं. घरी पोचलो आणि लक्षात आलं की मला कॉट आठवलीच नाही. रात्री साडेआठला जेवलो, झोप लागली, सकाळी भुकेने जाग आली. दुष्टचक्र उलटं फिरायला लागलं. दोन महिन्यांनी बांधाशी गाडी थांबवली, पट्टा हातात घेतला — आणि परत डिकीत टाकला.

घरी सांगितलं, कंबर बरी झाली.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात कबड्डी खेळलो. स्वराज माझ्या पायाला लोंबकळत होता, अस्मिता पायरीवर बसून हसत होती. रसिका तेव्हा दहा वर्षांची. तिने सात चढाया केल्या. पहिल्या सहांत मला एकदाही हात लावू दिला नाही. शेवटच्या चढाईला तिने मुद्दाम मला पकडू दिलं आणि मिठी मारून तशीच राहिली, सोडेचना. मी दमलो होतो, पण ते दमणं गोड होतं. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंगणातही खेळेना. मी विचारलं की मान हलवायची आणि गप्प हसायची. शेवटी अस्मिताने सांगितलं, तेही कौतुकाने. आमच्याकडे नवसाला आवडती गोष्ट देवाला सोडायची पद्धत आहे. माझा भाऊ लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा आईने सीताफळ सोडलं, आजतागायत खाल्लं नाही. रसिकाने ते ऐकलेलं. मधल्या वर्षी पालीला गेलो होतो तेव्हा ती बल्लाळेश्वरापुढे बोलली होती — बाबाची कंबर बरी कर, मी कबड्डी सोडीन.

देवाने आपलं काम केलं. आता तिची पाळी होती.

मी काय केलं असेल? तिला जवळ घेऊन म्हणालो, अगं, देवाने नाही, चण्यांनी बरं केलं. ती हसली. म्हणाली, 'चण्यान कंबर बरी होते काय, बाबा?' बरोबरच होतं तिचं. चण्याने अंगात जोर येतो, कंबर बरी होत नाही. दुखणारी कंबर आणि चणे यांचा मेळ बसायचा तर मधे एकच वाक्य लागत होतं — ती दोन वर्षं कंबर दुखतच नव्हती. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. आईकडे बघितलं, अस्मिताकडे बघितलं. अस्मिताचे हंड्यांनी घट्टे पडलेले हात दिसले. मी गिळलं.

मग म्हणालो, आपण देवाला दुसरं काही देऊ, भटजींना विचारू. आई म्हणाली, सोडलेलं परत धरू नये. आणि रसिकाने जे विचारलं ते आजही माझ्या कानात तसंच आहे. 'मी परत खेळले आणि तुझी कंबर परत गेली तर?'

तुम्ही सांगा, याच्यावर कोणतं खोटं पुरलं असतं? माझ्याकडे एकही नव्हतं. खरं होतं, ते मी दिलं नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. चणे चालू आहेत. वजन नऊ किलोने उतरलं, साखर काठावरून मागे आली. रोज संध्याकाळी मी स्वराजबरोबर तासभर खेळतो. गावात म्हणतात, बाप असावा तर असा. रसिका पायरीवर बसून गुण मोजते. मी जितका जोरात धावतो तितकी तिची खात्री पटते की नवस फळला. माझं बरं असणं हीच तिची बेडी. आणि मी मंदावलो तर ती घाबरते, म्हणून मंदावतही नाही.

गेल्या महिन्यात तिच्या शाळेचे सर घरी आले. तालुक्याचा संघ निवडायचा होता. म्हणाले, मैदानाजवळून जाताना ही पोर खेळणाऱ्यांचे पाय बघते, मला दिसतं ते, हिला खेळू द्या. रसिका दाराआड उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आता चौदा वर्षांची आहे, सगळं कळतं तिला. मला वाटतं, मी काहीतरी म्हणेन म्हणून ती थांबली होती. निदान एवढंच, की खेळ, मला काही होत नाही. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, 'तिची मर्जी, सर. आम्ही पोरांवर जबरदस्ती करत नाही.'

सरांनी मान डोलावली, समजूतदार बाप म्हणून. चहा संपवला आणि गेले. रसिकाने कप उचलले, आत नेऊन विसळले. मी अंगणात गेलो. स्वराज केव्हाचा रेघ मारून उभा होता, आणि माझ्या अंगात अजून भरपूर जोर होता.