तीन दिवसांचा कागद

हर्षाली धाराशिवच्या एका दवाखान्यात ठेकेदाराकडून सफाईला होती. करारात भरपगारी रजा नव्हतीच. साध्या तोंडी सांगण्यावर गावी गेलेली तिची मैत्रीण परत आली, तेव्हा तिच्या बादलीला दुसरीच बाई लागलेली होती. म्हणून सास्तूरहून बलभीमचा, तिच्या भावाचा फोन आला, आई आता जास्त दिवस काढत नाही म्हणाला, तेव्हा हर्षाली आधी सुपरवायझर रणधीरकडं गेली.

रणधीर म्हणाला, जा की, कोण अडवतंय. ती जागची हलली नाही.

"पगार कापा. पन बिनपगारी म्हणून लिहून द्या, भाऊ."

तिनं आठवडा मागितला, तो दोनावर अडला, शेवटी तीनावर जमलं. बदलीला तिनं नणंद निकिताला उभं केलं. बदली तेवढ्यापुरतीच, हेही लिहायला लावलं. रणधीर हसला, "वकील झाल्या असत्या तुम्ही." मग त्यानं खाली आपली ओळ घातली: चौथ्या दिवशी सकाळी हजर नसल्यास काम सोडले असे समजले जाईल. हर्षालीनं वाचून सही केली. कागदाची घडी तिनं मोबाईलच्या कव्हरात ठेवली.

सास्तूरला आई, कमलबाई, शुद्धीवर होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, किती दिवस दिलेत. हर्षालीनं सांगितलं. तेव्हापासून म्हातारी रोज सकाळी डोळे उघडायची आणि अवघडल्यासारखी लेकीकडं बघायची. पाण्याचा चमचा आला की ओठ मिटायची.

"आई, असं करू नगं."

"तुजं दिवस सरत्यात बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षालीनं गोठ्यामागं जाऊन रणधीरला फोन लावला. अजून एकच दिवस. तो वाईट बोलला नाही. तोंडी असतं तर सांभाळून घेतलं असतं, म्हणाला. "लेखी तुम्हीच मागितलं, ताई. एक कॉपी ठेकेदाराकडं गेलीया."

चौथ्या दिवशी पहाटे निघताना तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आई पुटपुटली, "जा. माजं काय जमंना."

दुसऱ्या दिवशी ती बायकांच्या वॉर्डात पुसत होती, तेव्हा बलभीमचा फोन आला. आई गेली होती. तू येईस्तवर थांबतो, म्हणाला, पण लवकर ये.

पोछा पिळून, बादली जागेवर ठेवून ती रणधीरसमोर उभी राहिली. तो खुर्चीतून उठला. मान खाली घालून त्यानं कोरा कागद काढला.

"किती दिवस लिहू?"

"दहाव्यापातुर."

रणधीरनं पेन उचललं. मग त्यानं तीनच लिहिलं, आणि खाली ती जुनी ओळ. हर्षालीनं न वाचता सही केली, आणि निकिताला फोन लावत फाटकाकडं निघाली.