एकशे एकोणीस कुणाचा?

यजमान गेल्यानंतर काही महिने मी म्हैसूरला, चामराजपुरमच्या घरात वाचत बसून काढले. वाचत होते असं म्हणायचं. पानं उलटत होते. मग एका ओळखीच्या बाईंनी येलवालच्या रस्त्यावरच्या एका ऑफिसात काम सुचवलं. परदेशी फिरायला जाणाऱ्यांच्या विम्याची हेल्पलाइन होती. प्रवासात कुणी आजारी पडलं, सामान हरवलं, पासपोर्ट गेला की माणसं त्या हेल्पलाइनला मेसेज करत. महाराष्ट्रातली गिऱ्हाइकं बरीच असल्यामुळे मराठीचं एक टेबल होतं. माझं काम बोलण्याचं नव्हतं. मजकूर तपासायचा, तक्ते नीट लावायचे, एवढंच. मला ते बरं वाटलं.

पहिलं काम मिळालं ते आणीबाणीच्या नंबरांचं. कुठल्या देशात पोलिसांना कोणता नंबर, रुग्णवाहिकेला कोणता, आगीला कोणता. ऑफिसकडे देशांच्या नावाप्रमाणे लावलेला तक्ता होता. मी तो उलटा लावून पाहिला, म्हणजे आधी नंबर आणि त्याच्यापुढे देश. तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच नंबरांपुढे एक देश येतच नाही, चार-पाच येतात.

आमच्या टेबलावर नाशिकहून लग्न होऊन म्हैसूरला आलेली एक मुलगी होती. तिला याचं फार आश्चर्य वाटलं.

"मॅडम, दोन देशांचा एकच नंबर कसा काय? मग फोन चुकीच्या देशात नाही जाणार?"

मी तिला सांगितलं की नाही जाणार. भारताचा ९१, श्रीलंकेचा ९४ असे जे देशांचे नंबर आहेत, ते जगाने मिळून वाटून घेतलेत, त्यामुळे ते सहसा दोघांना मिळत नाहीत. पण ११२ किंवा ११९ हे ज्याच्या त्याच्या घरातले नंबर. ते त्या देशाच्या आतच चालतात, बाहेरून लावता येत नाहीत. प्रत्येक गल्लीत तीन नंबरचं घर असतं, तसंच हे.

"पण मग सगळ्यांना एकसारखेच कसे सुचले?"

याचं उत्तर मी हळूहळू जमवलं होतं. काही नंबर राज्यकर्त्यांबरोबर आणि त्यांच्या इंजिनिअरांबरोबर गेले. ९९९ ब्रिटनचा, तो मलेशिया, हाँगकाँग, केनियात दिसतो. न्यूझीलंडने मात्र १११ घेतला, कारण तिथल्या जुन्या डायलवर आकडे उलट्या क्रमाने होते, आणि ब्रिटनच्या ९९९ ला तारेवर जेवढे ठोके जात, तेवढेच तिथे १११ फिरवल्यावर जात. जपानने ११९ घेतला तो डायलच्याच काळात. आधी ११२ होता, पण घाईत फिरवताना लोकांचे फोन भलतीकडेच लागत, म्हणून शेवटचा आकडा बदलला. कोरिया आणि तैवान जपानच्या ताब्यात होते. तिथे अजून ११९ च आहे. ११२ युरोपातल्या देशांनी आपसात ठरवून घेतला, मग मोबाईलच्या नियमांतच बसवला गेला, आणि पुढे आपणही घेतला. आणि काही नंबर नुसते योगायोगाने जुळलेत. कोरियात पोलिसांचा नंबर ११२ आहे, त्याचा युरोपशी काही संबंध नाही.

"डोकंच गरगरलं," ती म्हणाली आणि चहा आणायला गेली.

आमच्या टेबलाचे प्रमुख तीन पिढ्या म्हैसूरचे. घरी मराठी, पण बोलताना कधी कन्नडात शिरतील ते त्यांनाही कळत नसे. ते माझा तक्ता बघून म्हणाले, "छान आहे, ताई. पण हे कोण वाचणार, सांगा नोडोणा, सांगा बघू? गिऱ्हाईकाला कार्ड लागतं. खिशात मावेल असं."

कार्ड होतंच. मी येण्याआधी कुणीतरी केलेलं. जागा वाचवण्यासाठी त्यावर देश न लिहिता खंड लिहिले होते. 'आशिया' या शब्दापुढे छापलं होतं : पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९. जपान आणि तैवानला ते बरोबर बसतं. मी ते बदलायला हवं असं कळवलं होतं. नवीन छपाईच्या वेळी बघू, असं उत्तर आलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी उशिरा, मराठीच्या टेबलावर एक मेसेज आला. एका बाईंचा होता, पुण्याचा मोबाईल नंबर. 'आई पडलीये. डोळे उघडत नाही. कार्डवरचा ११९ लावला तर पोलीस उचलतात. दोनदा लावला. दुसरा नंबर द्या लवकर.'

नाशिकची मुलगी टेबलावर होती. तिने लगेच विचारलं, 'आपण कोणत्या देशात आहात?' मेसेज गेला, पण वाचल्याची खूण येईना.

प्रमुख तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पॉलिसीत बघ की."

"बघितलं सर. वर्षभराची आशियाची पॉलिसी आहे. कुठे जाणार ते लिहायचंच नसतं."

"मग फोन लाव."

"लावला. लागत नाही. बहुतेक नुसतं इंटरनेटचं पॅक घेतलंय."

"आयटीवाल्यांना विचार, इंटरनेट कुठून आलंय."

तेही विचारून झालं. भारत, असं उत्तर आलं. भारतातलं सिम परदेशात वापरलं तरी त्याचं इंटरनेट आपल्याच कंपनीतून फिरून जातं; त्यामुळे मशीनला ती बाई पुण्यातच बसलेली दिसत होती.

"अय्यो," प्रमुख म्हणाले.

मुलगी म्हणाली, "सर, जपानच असणार. किंवा कोरिया. ११९ म्हणजे तिकडची रुग्णवाहिकाच. चुकून लागला असेल कुठेतरी. मी लिहिते, परत ११९ लावा म्हणून."

तिने लिहायला सुरुवात केली. मी माझ्या जागेवरून म्हटलं, "थांब जरा."

मी मोठ्याने फारसं बोलत नसे. दोघांनीही वळून पाहिलं.

"दोनदा लावला, दोन्ही वेळा पोलिसांनीच उचलला," मी म्हटलं. "चुकून लागला असता तर दोनदा तिथेच नसता लागला. म्हणजे तो नंबर पोलिसांचाच आहे. जपानात, कोरियात, तैवानमध्ये ११९ ला आग आणि रुग्णवाहिका. चीनमध्ये आग. हे कुठलंच नाही. परत लावायला सांगितलं तर ती तिसऱ्यांदा पोलिसांनाच लावेल आणि परत ठेवून देईल."

"मग पोलिसांचा ११९ कुणाचा?" प्रमुखांनी विचारलं.

"श्रीलंका, मालदीव आणि जमैका. अफगाणिस्तानचाही, पण तिथला विमा आपण देत नाही."

"जमैका आशियात कुठून आणलात, ताई?"

"आशियात नाहीच. नंबर तेवढा तोच आहे."

"आणि तिकडे आत्ता रात्र," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "आईला घेऊन कोण हिंडतं रात्रीचं? सोडा तो. श्रीलंका की मालदीव, ते सांगा. बेग, बेग, लवकर."

तेवढ्यात दुसरा मेसेज आला. आमचा प्रश्न तिने वाचलाच नव्हता. आपलंच लिहीत होती. 'खूप ऊन आहे. डोंगराच्या पायऱ्या चढताना चक्कर आली. दुकानदाराच्या फोनवरून लावतेय. ११० लावू का? पण ते पण पोलीसच लिहिलंय.'

"डोंगर!" मुलगी ओरडली. "सर, मालदीव नाही. माझा हनिमून होता तिथे. डोंगर सोडा, चढायला एक जिना नव्हता. सगळं सपाट, पाण्याच्या बरोबरीने."

"नवऱ्याने चांगल्या कामाला नेलं तुला," प्रमुख म्हणाले. "श्रीलंका. रुग्णवाहिका किती, ताई?"

"एक-नऊ-नऊ-शून्य. ११० पण आहे, पण १९९० देशभर चालतो."

मुलगी टाइप करता करता थांबली. ती म्हणाली, "मॅडम, आपलं चुकलं तर?"

चुकलं असतं तर त्या बाईला आणखी एक न लागणारा नंबर मिळाला असता, आणि कदाचित त्यानंतर तिने आमचं काही वाचलंच नसतं. ते मला कळत होतं. माझ्या घरी वेळ आली तेव्हा मी १०८ लावला होता. नंबर बरोबर होता, गाडी लवकर आली, आणि तरीही जे व्हायचं ते झालं. म्हणून बरोबर नंबराला मी फार मोठी गोष्ट मानत नव्हते. पण चुकीचा देणं ही वेगळी गोष्ट होती.

मी म्हटलं, "देश लिहूनच दे. म्हणजे आपलं चुकलं असेल तर तिला तिथल्या तिथे कळेल. आणि फोन दुकानदाराला करू दे. त्याला पत्ता सांगता येईल."

मुलीने लिहिलं : 'श्रीलंकेत असाल तर रुग्णवाहिका १९९०. दुकानदारालाच लावायला सांगा. श्रीलंका नसेल तर फक्त देशाचं नाव लिहा.'

खूण येत नव्हती. प्रमुखांनी कोलंबोतल्या आमच्या माणसांना फोन लावून ठेवला आणि त्यांना इंग्रजीत सांगितलं की एक केस येऊ शकते, जागा अजून माहीत नाही. मग ते फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे न बघता खिडकीतून कंपाउंडमधल्या सिल्व्हर ओकच्या झाडाकडे बघत होते. अशा वेळी पडद्याकडे बघण्याचा उपयोग नसतो, हे मला आधीपासून माहीत होतं.

"वाचलं!" मुलगी म्हणाली.

उत्तर आलं ते दोन शब्दांचं. 'हो. लावतोय.'

नंतर जागेचं नाव आलं, ते आम्ही कोलंबोला दिलं. गाडी आली, असं कळलं. दुपारी जेवणानंतर त्या बाईंनी सविस्तर लिहिलं. आईला मधुमेह. पहाटे गोळी घेतली, डोंगर चढायचा म्हणून खाल्लं काहीच नाही, साखर एकदम खाली गेली. गाडीतच सलाईन लावलं आणि आई हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत डोळे उघडून विचारत होती की चपला कुणी उचलल्या.

प्रमुख हसले. "बोलली म्हणजे झालं. चप्पल विचारते म्हणजे अगदी शाबूत आहे."

कार्ड मात्र त्याच आठवड्यात रद्द झालं. प्रमुखांनी वरच्यांना फोनवर काय सांगितलं ते अर्ध्याहून जास्त कन्नडात होतं, त्यामुळे मला सगळं कळलं नाही, पण आवाज कळला. नव्या कार्डावर खंड नाहीत. पॉलिसी घेतानाच देश विचारतात आणि त्याच देशांचे नंबर छापून देतात. ज्याचा देश ठरलेला नाही त्याच्या कार्डावर एकच वाक्य असतं : जवळच्या स्थानिक माणसाला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. ते वाक्य माझं आहे.

त्या सकाळनंतर तीन दिवसांनी त्या बाईंचा मेसेज आला. आईला सोडलं होतं. मला वाटलं आता परतीच्या तिकिटाचं विचारतील. त्यांनी लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी परवानगी दिली. आई म्हणते ठरल्याप्रमाणे सिंगापूरला जायचंच. तिथला नंबर सांगून ठेवाल का? या वेळी मी आधीच विचारतेय.'

मुलीने पडदा माझ्याकडे वळवला. "मॅडम, हे तुम्हीच लिहा."

मी लिहिलं की रुग्णवाहिका आणि आग ९९५, पोलीस ९९९. मग थोडं थांबून पुढे लिहिलं की मलेशियात उतरणार असाल तर तिथे सगळ्यालाच ९९९ आहे. आणि आईंना न्याहारी करायला लावा.

त्यांनी लगेच आवाजाचा मेसेज पाठवला. मुलीने तो लावला. म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता, जरा चिडका. "सांग त्यांना, खाल्लंय मी. इडल्या खाल्ल्यात." मागे त्यांची लेक हसत होती.

मुलीने तो दोनदा ऐकला. मी एकदा ऐकला आणि पुढच्या तक्त्याला लागले.